ज्ञानेश्वरी आधी की नगर शहर? सातवीतल्या पोराला विचारून बघा

परवा भाचा घरी आला होता. सातवीत आहे. शिकवणीत एक कविता पाठ करून घेतलीय, प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंत सगळी घराणी ओळीने. पोराने एका दमात म्हणून दाखवली. मौर्य, गुप्त, सुलतानशाही, मुघल, इंग्रज, स्वातंत्र्य. घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, "ज्ञानेश्वरी आधी झाली की आपलं नगर शहर आधी वसलं?"

पोरगं गप्प. मग म्हणालं, "मामा, ते कवितेत नाहीये."

माझं भांडण इथेच आहे. कविता पाठ करण्याला माझा विरोध नाही. क्रम लक्षात ठेवायला चाल लागते, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. पण ही कविता दिल्लीच्या गादीचा क्रम सांगते आणि नगरच्या पोराला वाटतं, हाच सगळ्या देशाचा क्रम. त्यात सातवाहन नाहीत, यादव नाहीत, बहमनी नाहीत, निजामशाही नाही. बालभारतीच्या पुस्तकांत सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुग, आठवीला आधुनिक काळ आहे. सातवीचं पोर बरोबर मधल्या पायरीवर उभं असतं, आणि ह्याच पायरीवर आपला जिल्हा आहे.

दुसरी खोट जास्त मोठी आहे. कवितेत एक घराणं संपतं आणि दुसरं सुरू होतं. इतिहासात तसं होत नाही. १४९० मध्ये अहमद निजामशहाने नगर वसवलं, तेव्हा दिल्लीत मुघल आलेच नव्हते. ते आले १५२६ मध्ये. पुढची शंभरावर वर्षं, १६३६ पर्यंत, दोन्ही सत्ता एकाच वेळी नांदत होत्या. मालोजीराजे, शहाजीराजे निजामशाहीच्या चाकरीत होते. कोण कोणानंतर, एवढंच पाठ केलेल्या पोराला कोण कोणाच्या वेळी होतं, हे कळणार कसं?

नुसती टीका नको म्हणून त्याच रात्री भाच्याला घेऊन बसलो आणि दोघांनी मिळून ही जुळवली. काव्य म्हणून वाचू नका, कामाची आहे का तेवढं बघा.

जोर्व्याचं मडकं, फारच जुनं,
मग कित्येक शतकं सुनं सुनं.
सातवाहन, वाकाटक, चालुक्य आले,
राष्ट्रकूट, यादव पाठोपाठ झाले.
यादवांच्या काळी ज्ञानेश्वरी,
बहमनी गादी त्याच्यानंतर खरी.
निजामशाही इथे, मुघल उत्तरेत,
भोसले तेव्हा तिच्या चाकरीत.
त्यांच्याच घरात स्वराज्य जन्मलं,
औरंगजेबाचं भिंगारात संपलं.
पेशवे, शिंदे, मग इंग्रज आले,
नेहरू किल्ल्यात कैदी झाले.

यातली दुसरी ओळ मुद्दाम आहे. संगमनेरजवळचं जोर्वे आणि श्रीरामपूरकडचं दायमाबाद इथली वस्ती साधारण तीन हजार वर्षांपूर्वी उठली. सातवाहन त्यानंतर सात-आठशे वर्षांनी आले. कवितेत हे अंतर एका ओळीचं, म्हणून पोरांना ते एका वर्षाचं वाटतं. "निजामशाही इथे, मुघल उत्तरेत" ही ओळ दोन सत्ता एका वेळी दाखवायला आहे.

तरीही कविता अंतर मोजून दाखवत नाही. त्यासाठी आम्ही तीन मीटर सुतळी घेतली. शंभर वर्षांना दहा सेंटिमीटर. एका टोकाला जोर्वे, दुसऱ्या टोकाला आज. जोर्वे ते सातवाहन जवळपास ऐंशी सेंटिमीटर मोकळी सुतळी. नेवाशाची ज्ञानेश्वरी १२९० ची, शहर १४९० चं, म्हणजे दोन गाठींत वीस सेंटिमीटर. औरंगजेब भिंगारला वारला १७०७ मध्ये, नेहरू किल्ल्यात आले १९४२ मध्ये. तिथे साडेतेवीस. पोराने स्वतःच गाठी मारल्या. मग म्हणालं, "मामा, सगळी गर्दी तर शेवटीच आहे!" हे वाक्य त्याला कुठल्याही पाठांतराने सुचलं नसतं.

पाठांतर खरं की पोपटपंची, हे ओळखायला सोपं आहे. पोराला पहिल्यापासून म्हणायला सांगू नका. मधूनच विचारा, "यादवांच्या आधी कोण?" ते मनात पहिल्या ओळीवर जाऊन पुटपुटत यायला लागलं, तर फक्त चाल पाठ झालीय. मग विचारा, "त्याच वेळी दुसरीकडे कोण होतं?" इथे अडलं तर दोष पोराचा नाही, कवितेचा आहे.

शिकवणीवाल्यांना आणि गुरुजींना हात जोडून सांगणं आहे. दिल्लीची कविता शिकवा, स्पर्धा परीक्षेला लागते. पण तिच्या शेजारी आपली एक ठेवा. ज्या किल्ल्याजवळून पोरगं रोज सायकलवर जातं, तो इतिहासात कुठे बसतो हे त्याला सांगता येत नसेल, तर पाठ केलेल्या ओळी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरल्या तरी काही बिघडत नाही.

तुमच्या घरी सातवीतलं पोर असेल, तर आज जेवताना वरचा पहिला प्रश्न विचारा. उत्तर काय आलं ते मलाही कळवा.