डोळ्यांवरची सूज आणि लघवीची तपासणी

प्रथमच कबुली देतो, या गोष्टीतली पहिली चूक माझीच आहे. सोमवारची सकाळ होती आणि दवाखाना गच्च भरलेला होता. चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन त्याची आई आली. ती घरी कांड्या भरते, नवरा मागावर रात्रपाळीला असतो. ती म्हणाली, "डॉक्टर, सकाळी उठलं की पोराचं डोळं सुजत्यात, दुपारपर्यंत उतरतंय." कापसाची धूळ घरातच, तेव्हा ॲलर्जी असणार, असे समजून मी पाच दिवसांचे सिरप लिहून दिले.

आठ दिवसांनी ती परत आली. आता सूज दुपारीही उतरत नव्हती. चड्डीच्या नाडीचा खोल वळ पोटावर उमटला होता आणि नडगीवर बोट दाबले की खड्डा पडत होता. वजन चौदा किलोवरून सोळावर गेले होते. आईला वाटले, पोरगे बाळसे धरतेय. मी विचारले, "लघवीला फेस येतो का?" ती म्हणाली, "मोरीत साबण ओतल्यागत फेस येतोय, आणि होतीया बी कमी."

मग मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. परीक्षानळीत लघवी घेऊन वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवला. लघवी पांढरी झाली. ॲसेटिक ॲसिडचे तीन-चार थेंब टाकले. क्षारांमुळे आलेला गढूळपणा ॲसिड टाकताच नाहीसा होतो. हा गेला नाही, उलट दह्यासारखा घट्ट साका झाला. लघवीतून प्रथिने भरपूर जात होती. या तपासणीला दोन मिनिटे लागली आणि खर्च जवळजवळ काहीच आला नाही.

या विकाराला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. मूत्रपिंडाची गाळणी निरोगी असेल तर रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन आतच राहते. या आजारात तिची भोके ढिली पडतात आणि अल्ब्युमिन वाहून जाते. रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवण्याचे काम बव्हंशी त्याचेच असते. ते कमी झाले की पाणी बाहेर झिरपते, मूत्रपिंडे मीठही साठवू लागतात आणि अंगाला सूज येते. रात्री मूल आडवे असते म्हणून सकाळी सूज पापण्यांवर दिसते. मूल दिवसभर उभे राहिले की ती पायांत उतरते. दुपारी डोळे बरे दिसण्याचे कारण हे आहे, सूज काही गेलेली नसते. ॲलर्जीत बहुधा डोळे खाजतात, लाल होतात, शिंका येतात. इथे यातले काही नसते.

आता प्रथिने किती जातात हे मोजायचे कसे? जुनी पद्धत चोवीस तासांची लघवी गोळा करण्याची. चार वर्षांचे मूल एकदा अंथरुणात, एकदा गटाराच्या कडेला आणि एकदा अंगणवाडीत लघवी करते, हे आईबापांना चांगले ठाऊक आहे. अर्धी लघवी कॅनमध्ये आणि अर्धी बाहेर गेली तर अहवालाला काय किंमत राहणार? यावरचा उपाय म्हणजे एकाच वेळच्या लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. अमेरिकेतील जिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली प्रौढांमध्ये हा मार्ग दाखवला. पुढे तो मुलांसाठीही रूढ झाला.

त्यामागचा हिशेब साधा आहे. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते आणि एकाच माणसाच्या लघवीतून रोज साधारण सारख्याच प्रमाणात बाहेर पडते. पाणी जास्त प्यायले की प्रथिन आणि क्रिएटिनिन दोन्ही सारखीच पातळ होतात, म्हणून त्यांचे गुणोत्तर बदलत नाही. या मुलाच्या वडिलांनी गैरसमजाने दोन बाटल्या आणल्या, एक सकाळची आणि एक भरपूर पाणी पाजल्यानंतरची. पहिलीत दर डेसिलिटरला प्रथिन 480 मिलिग्रॅम आणि क्रिएटिनिन 60 निघाले. दुसरीत प्रथिन 120 आणि क्रिएटिनिन 15. नुसत्या प्रथिनाच्या आकड्यावर गेलो असतो तर आजार एका दिवसात चौथाईवर आला असे वाटले असते. भागाकार करा, दोन्हींचे उत्तर आठच येते. दोन वर्षांवरील मुलात हे गुणोत्तर 0.2 च्या खाली असावे. दोनच्या वर गेले तर प्रथिनांची गळती मोठी समजावी. रक्तातले अल्ब्युमिन 1.8 ग्रॅम होते, म्हणजे तीनच्या बरेच खाली. निदान पक्के झाले. लघवी चहासारखी लाल नव्हती आणि रक्तदाबही ठीक होता. तसे नसते तर मूत्रपिंडाच्या दुसऱ्या आजाराचा विचार करावा लागला असता.

या तपासणीला मर्यादाही आहेत. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा घ्यावा, कारण काही निरोगी मुलांतही दिवसभर उभे राहिल्याने थोडी प्रथिने उतरतात. तापातही ती तात्पुरती दिसतात. अगदी हडकुळ्या मुलात स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन कमी, त्यामुळे गुणोत्तर फुगते. आठ आणि 0.2 यांत याने गोंधळ होत नाही, पण 0.3, 0.4 अशा सीमेवरच्या आकड्यावर घाबरून न जाता तपासणी पुन्हा करावी. तसेच एककही वाचावे. काही लॅब हेच उत्तर मिलिग्रॅम प्रति ग्रॅम असे छापतात. मग आठचे आठ हजार होतात आणि बापाचा जीव उडतो.

मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. प्रेडनिसोलोन सुरू झाले, सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड. दहाव्या दिवशी लघवी स्वच्छ झाली, पाठोपाठ सूजही उतरली. घात होतो तो याच वेळी. सूज गेली, तोंड गोल झाले, "स्टेरॉइड वाईट" असे शेजारीण म्हणाली की गोळ्या बंद! तसे करू नये. औषध मध्येच तोडल्यास आजार उलटू शकतो, शिवाय शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड दबलेले असल्याने धोकाही असतो. प्रथिने जातात म्हणून महागडी प्रोटीन पावडर आणण्याचीही गरज नाही. रोजचे जेवण पुरे, सूज असेतोवर मीठ मात्र कमी द्यावे.

हा आजार बहुसंख्य मुलांत उलटतो, पण ज्यांना गोळ्या लागू पडतात त्यांची मूत्रपिंडे सहसा शाबूत राहतात. म्हणून माझे मत असे की गुणोत्तराची तपासणी निदानाच्या वेळी आणि शंका आली तेव्हा करावी, दर आठवड्याला करून गरिबाचा खिसा रिकामा करू नये. रोजच्या पहाऱ्याला घरची परीक्षानळी किंवा रंग बदलणारी पट्टी पुरते. सकाळची लघवी तपासून वहीत तारखेपुढे लिहावे. सलग तीन दिवस तीन प्लस किंवा घट्ट साका आला तर सूज येण्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. सूज असताना ताप, पोटदुखी किंवा उलट्या-जुलाब झाले तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि रक्त घट्ट होऊन गुठळीही होऊ शकते.

त्या आईची वही आता दुसरी चालू आहे. मध्ये एकदा तीन दिवस साका आला. चौथ्या सकाळी ती वही घेऊन दारात उभी होती आणि मुलाच्या पापण्यांवर अजून सूजही नव्हती. माझ्या टेबलावर तेव्हापासून परीक्षानळी कायम असते. सुजलेल्या पापण्या घेऊन मूल आले की सिरपच्या आधी तिच्याकडे हात जातो.