स्टँडसमोर १८ हजार की गल्लीत ५ हजार? आधी भागाकार करा

व्हिडिओखाली सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आज घेतोय. "सर, मेन रोडला गाळा मिळतोय पण भाडं जास्त आहे. घेऊ का?" माझं मत सरळ आहे. भाडं जास्त की कमी हे गाळ्यावरून ठरत नाही, तुम्ही काय विकणार यावरून ठरतं. एकच गाळा एकाला स्वस्त पडतो आणि दुसऱ्याला बुडवतो.

लोणंदचंच उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्याकडचे भाव तुम्ही टाका. एक गाळा वर्दळीत, भाडं महिना १८ हजार. दुसरा आतल्या गल्लीत, ५ हजार. फरक १३ हजारांचा. आता हे १३ हजार विक्रीतून नाही, नफ्यातून द्यायचे असतात. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. "रोज दोन हजाराचा गल्ला झाला तरी भाडं सुटतं" असं म्हणतात, पण त्या दोन हजारात मालाचे पैसे आहेत, ते व्यापाऱ्याला द्यायचेत.

समजा मोबाईल कव्हर, चार्जर, इअरफोनचं दुकान आहे. शंभराच्या विक्रीत सरासरी ३० रुपये सुटतात. मग १३ हजार सुटायला गल्लीपेक्षा साधारण ४३ हजारांची विक्री जास्त व्हायला हवी. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज १६७० रुपये. एका गिऱ्हाइकाचं बिल १५० धरलं तर रोज ११ गिऱ्हाइकं जास्त. चार्जर घ्यायला कोणी मुद्दाम गल्ली शोधत नाही. एसटीतून उतरला, चार्जिंग संपलंय, समोर दिसलं, घेतलं. त्यामुळे ११ हा आकडा स्टँडजवळ अवघड नाही. इथे १८ हजार द्यावेत असं मी म्हणेन.

आता तोच गाळा ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंसाठी बघा. एकटीच्या हाताने दिवसाला पाच ब्लाऊज होतात. अस्तर, दोरा, हुक जाऊन एकामागे २५० रुपये राहतात. म्हणजे १३ हजारांसाठी महिन्याला ५२ ब्लाऊज, दहा दिवसांपेक्षा जास्त शिलाई फक्त वाढीव भाड्यासाठी. आणि गर्दी वाढली म्हणून हात वाढतात का? सहावं ब्लाऊज त्या शिवूच शकत नाहीत. शिवाय फिटिंग बसलं की बाई पुढच्या वेळी गल्लीत शोधत येते, सोबत जावेलाही आणते. त्यांनी गल्लीतच बसावं. कारागीर ठेवायची तयारी झाली की मग पुन्हा गणित मांडावं.

आता ती ११ गिऱ्हाइकं खरंच मिळतील का, हे मालकाला विचारू नका. तो म्हणणारच, "इथं पाय ठेवायला जागा नसते." पाय ठेवायला जागा नसणं आणि पिशवी घेऊन बाहेर पडणं यात फरक आहे. शेजारच्या दुकानासमोर चहा घेत तासभर बसा आणि हातात वस्तू घेऊन बाहेर येणारे मोजा. नुसते जाणारे मोजू नका. हे आठवडे बाजाराच्या दिवशी करा आणि साध्या दिवशीही करा. बाजाराच्या दिवशी रस्त्यावरचे विक्रेते तुमच्या पायरीपर्यंत बसत असतील, तर गर्दी प्रचंड आणि दुकान मात्र झाकलेलं, असंही होतं. लोणंदचा बाजार कांद्याचा. कांद्याला भाव असेल तेव्हाची गर्दी आणि भाव पडल्यावरची गर्दी सारखी खरेदी करत नाही. (माउलींची पालखी मुक्कामाला असते तेव्हाची गर्दी तर हिशोबात धरूच नका. वारकरी तुमच्याकडे इअरफोन घ्यायला आलेला नाही.)

डिपॉझिटकडेही बघा. वर्दळीच्या गाळ्याला एक लाख आणि गल्लीत वीस हजार मागितले, तर ८० हजार मालाचे कमी झाले. मोक्याच्या जागी अर्धं रिकामं रॅक दिसलं की गिऱ्हाईक एकदा येतं, परत येत नाही.

गाळा घ्यायचाच ठरला तर बोलणी भाडं कमी करण्यावरच संपवू नका. ११ महिन्यांचा करार झाला, दुकान चाललं, आणि मालकाने भाडं १८ चं २५ केलं, तर वर केलेला सगळा हिशोब बदलतो. त्या ११ गिऱ्हाइकांची १७ होतात. म्हणून तीन वर्षांचा करार मागा, दरवर्षीची वाढ किती टक्के ते त्यातच लिहून घ्या, आणि तुम्हाला सोडायचं असेल तर किती महिने आधी सांगायचं तेही. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. "आपल्यात कशाला कागद" म्हणणाऱ्या मालकाला हे हसत हसत सांगा आणि तो काय उत्तर देतो ते नीट ऐका.