तीन कोटेशनं आणि एक चिलर

"तीन कोटेशनं मागवा, स्वस्त असेल ते घ्या." हा मंत्र आपल्याकडच्या कचेऱ्यांत जितका चालतो, तितकाच इकडे अमेरिकेतल्या विद्यापीठातही. पण माझ्या मते कोटेशनं तीन आली म्हणून तुलना होते असं नाही. ती होणार की नाही, हे आपण पाठवलेल्या मागणीपत्रातच ठरून जातं.

आमच्या लेसरसाठी चिलर घ्यायचा होता. चिलर म्हणजे गार पाणी सतत फिरवत ठेवणारं यंत्र. लेसर दीड किलोवॉट उष्णता पाण्यात सोडतो. "दोन किलोवॉटचा चिलर हवा" असं लिहिलं असतं, तर तिन्ही विक्रेते "२ किलोवॉट" लिहून मोकळे झाले असते. पण घरचा एसी मे महिन्यात दमतो ना, तसंच चिलरचं असतं. खोली जितकी गरम आणि पाणी जितकं गार हवं, तितकी त्याची ताकद कमी.

म्हणून आम्ही लिहिलं: पाणी २० अंश, खोली ३० अंश, अशा वेळी किमान १.८ किलोवॉट. सर्वात स्वस्त चिलरचे कॅटलॉगातले २ किलोवॉट हे २५ अंशाचं पाणी आणि २० अंशाची खोली धरून होते. आमच्या अटींवर ते उरले १.६. दुसऱ्याचे आले १.९. तिसऱ्याने नुसतंच "मान्य" लिहिलं. आकडा मागितल्यावर १.८५ निघाले. म्हणजे पहिला बादच!

पंपाची गंमत आणखी वेगळी. कॅटलॉगात "कमाल प्रवाह" आणि "कमाल दाब" शेजारी-शेजारी छापतात, पण ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. नळीचं तोंड मोकळं सोडलं तर तो प्रवाह, पूर्ण बंद केलं तर तो दाब. म्हणून विचारायचं असं: ३ बार दाबाला मिनिटाला ८ लिटर मिळतील का? (८ लिटर अशासाठी, की दीड किलोवॉटने तेवढं पाणी पावणेतीन अंशांच्या आसपास तापतं. आमच्या लेसरला ते चालतं.)

उरलेली शिस्त साधी आहे. सगळ्यांना एकच कोरा तक्ता द्यावा आणि "मान्य" ऐवजी आकडा भरायला सांगावा. किंमत वाहतूक आणि विम्यासकट, प्रयोगशाळेच्या दारात पोहोचवून. एकाने शंका विचारली तर उत्तर तिघांनाही. आणि एखाद्या आवडत्या कंपनीची लांबी-रुंदी मिलिमीटरसकट उतरवून काढू नये. मग बाकीची दोन कोटेशनं फक्त फाइलीत लावण्यापुरती उरतात.

पुण्या-मुंबईत असं यंत्र बाहेरून मागवणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि ४० अंशाची खोली. इकडचे आकडे बहुतेकदा ६० हर्ट्झवरचे असतात. साधा कॉम्प्रेसर ५० हर्ट्झवर हळू फिरतो आणि थंडावा कमी देतो. कागदावर मात्र किलोवॉट तेवढेच दिसतात.