खोकला तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर?

दिवाळीनंतर जयपूरला थंडी पडू लागली की घराघरांत खोकला सुरू होतो. मग सारा दोष हवेवर आणि धुळीवर ढकलला जातो. मानसरोवर भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. यजमान अठ्ठेचाळीस वर्षांचे, नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेले, दहा वर्षांपासून मधुमेह. त्यांना खोकला लागला, तेव्हा पत्नीने आल्याचा रस आणि मध दिला, रात्री हळदीचे दूध दिले. दोन आठवडे गेले. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणि पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. खोकला निम्म्यावर आला आणि घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण दहाव्या दिवशी तो पुन्हा सुरू झाला. सातव्या आठवड्यात पत्नीच्या लक्षात आले की, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले आहे आणि संध्याकाळी यांचे अंग कोमट लागते.

"अहो, आता तरी छातीच्या डॉक्टरांना दाखवा," असा तिने हट्टच धरला.

डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला, तशी घरातल्या आजी चिडल्या. "आमच्या घराण्यात कुणाला क्षय नव्हता," त्या म्हणाल्या. पत्नीच्या मनात वेगळीच धास्ती होती. मुलीच्या लग्नाचे पाहणे सुरू होते.

लांबलेल्या खोकल्याची कारणे पुष्कळ असतात. सर्दी-तापानंतर श्वासनलिका हुळहुळी राहते आणि कोरडा खोकला सहा-आठ आठवडे रेंगाळू शकतो, पण तो दिवसेंदिवस कमी होत जातो. दम्याचा खोकला बहुधा रात्री किंवा पहाटे उठवतो आणि छातीत शिट्टी वाजते. आम्लपित्ताचा खोकला जेवून आडवे झाल्यावर वाढतो. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांनीही काहींना कोरडा खोकला लागतो. अशा वेळी गोळी आपणहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा जुना खोकला अचानक बदलला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचाही विचार करावा लागतो. राजस्थानात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वालुकाश्म फोडणाऱ्या आणि घडवणाऱ्या कारागिरांना होणारा सिलिकोसिस. हा आजार तेथे इतका आहे की, राज्य सरकारने 2019 मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. त्याची एक्स-रेवरील छाया क्षयासारखी भासू शकते आणि ज्याला सिलिकोसिस आहे त्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो.

मग इतकी कारणे असताना डॉक्टर क्षयाचीच तपासणी आधी का सांगतात? कारण नुसता खोकला ऐकून क्षय ओळखता येत नाही. शिवाय दमा किंवा आम्लपित्त शेजारी झोपलेल्याला लागत नाही, फुप्फुसाचा क्षय मात्र खोकल्याबरोबर हवेतून लागतो आणि निदान होईपर्यंत पसरत राहतो. तपासणी सांगितली म्हणजे क्षय झालाच, असेही नाही. ज्यांना ती सांगितली जाते, त्यांतल्या बहुतेकांना क्षय नसतोच. पूर्वी सरकारी कार्यक्रमात तीन आठवड्यांच्या खोकल्यानंतर ही तपासणी होत असे. आता ही मर्यादा दोन आठवड्यांवर आणली आहे. मधुमेह असेल तर विशेष दक्षता हवी, कारण त्यात क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो.

आता त्या पाच दिवसांच्या गोळ्यांकडे वळू. त्या लिव्होफ्लॉक्सासिनच्या होत्या. हे प्रतिजैविक साध्या न्यूमोनियावर चालते आणि क्षयाच्या जंतूंनाही थोडे दाबून ठेवते. ताप उतरतो, खोकला कमी होतो, बेडक्यातले जंतू घटतात, पण रोग जात नाही. रोगी आणि दुकानदार दोघेही फसतात, निदान काही आठवडे पुढे जाते आणि पुढे उपयोगी पडू शकणारे औषध निकामी होण्याची भीती वाढते. म्हणून औषधाने बरे वाटून खोकला परत आला तर आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, त्याचे वेष्टन डॉक्टरांना जरूर दाखवावे.

आपल्या या गृहस्थांच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर डाग दिसला. पण डाग कशाचा, हे एक्स-रे ठामपणे सांगत नाही. त्यासाठी बेडकाच हवा. त्यांचा पहिला नमुना वाया गेला, कारण डबीत नुसती लाळ होती. नमुना देण्याची पद्धत अशी: सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरावी. मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहावे. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून जोराने खोकावे आणि निघालेला घट्ट बेडका डबीत घ्यावा. चहाच्या चमच्याइतका पुरतो. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोहोचवावी. बहुधा दोन नमुने मागतात, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळचा.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात. त्यामुळे सुरुवातीचा क्षय तेथे निसटतो. सीबीनॅट आणि गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट ही यंत्रे जंतूचा जनुकीय अंश शोधतात. म्हणून फार कमी जंतूही सापडतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही काही तासांत कळते. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय सांगणाऱ्या तपासण्यांवर मात्र भारत सरकारने 2012 मध्ये बंदी घातली, कारण त्यांचे निष्कर्ष भरवशाचे नव्हते.

दुसऱ्या, नीट दिलेल्या नमुन्यात जंतू सापडले. औषध लागू पडणारे होते. सहा महिन्यांचा उपचार ठरला. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. साखर आटोक्यात ठेवायची, एचआयव्हीची तपासणीही करायची. महिन्याभरातच बरे वाटू लागते आणि अनेकजण नेमके तेव्हाच गोळ्या सोडतात. त्यातून औषधांना न जुमानणारा क्षय निर्माण होतो. आजींना डॉक्टरांनी समजावले की हा रोग घराण्यातून येत नाही, ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही. सुरुवातीला तोंडावर रुमाल किंवा मास्क हवा, खिडक्या उघड्या हव्यात आणि घरातल्या सर्वांची तपासणी हवी. मुलीला क्षय नव्हता. तिला आणि इतरांना प्रतिबंधक औषध द्यायचे की नाही, ते तपासणीनंतर ठरले.

अहवाल नकारात्मक आला तरी गोष्ट तेथेच संपत नाही. खोकला चालूच असेल आणि एक्स-रेत डाग असेल तर बेडक्याचे कल्चर करतात. त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, कारण हा जंतू सावकाश वाढतो. डाग नसेल तर दमा, आम्लपित्त, गोळ्या यांचा शोध घ्यावा. बेडक्यात रक्त पडले किंवा धाप लागली तर मात्र आठवडे मोजत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात, जयपूरला तशीच महाराष्ट्रातही. माहितीसाठी 1800-11-6666 हा क्रमांक आहे. त्या पत्नीने पट्ट्याचे भोक पाहिले नसते, तर कदाचित आणखी एक बाटली आली असती. घरात कुणी खोकत असेल तर आज तारीख पाहा आणि खोकला कधी सुरू झाला ते आठवा. दोन आठवडे उलटून गेले असतील तर पुढची बाटली आणू नका, डबी आणा.