रात्रीचे इंग्रजी

एका कथास्पर्धेच्या परीक्षणाचे काम भिडेखातर पत्करल्यामुळे या आठवड्यात कथांचे एक जाडजूड बाड माझ्या मेजावर येऊन पडले, आणि त्यातील ज्या कथेस माझ्या दोघा सहपरीक्षकांनी विशेष चर्चेवाचून पहिला क्रमांक बहाल करण्याची सिद्धता केली होती, तिच्यावरूनच आमची बैठक लांबली. दिवसभर घरकामात गढलेली, स्वतः सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी रात्री सर्व निजल्यावर आठवीतल्या मुलीच्या दप्तरातून इंग्रजीचे पाठ्यपुस्तक काढून ओट्यापाशी बसते, सहा महिन्यांत ती भाषा हस्तगत करते, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात व्यासपीठावर चढून पाहुण्यांचे अस्खलित इंग्रजीत आभार मानते. टाळ्या पडतात, नवऱ्याची मान खाली जाते. टाळ्यांवर संपणाऱ्या कथांविषयीचे माझे मत या स्तंभाच्या वाचकांना एव्हाना कंठस्थ असेल, सबब त्याची उजळणी करीत नाही. माझी तक्रार निराळी आणि काहीशी कारकुनी स्वरूपाची आहे : ही बाई बोलायला शिकली कशी?

हा प्रश्न मी बैठकीत काढताच एका सहपरीक्षकांनी रमाबाई रानड्यांचा दाखला दिला. तो गैरलागू आहे. रमाबाईंना शिकवावयास खुद्द न्यायमूर्ती बसत असत. ज्या बाईचा दाखला येथे खरोखर लागू पडतो ती बंगालची, आणि तिच्या आत्मचरित्राचा उल्लेख आपल्याकडे व्हावा तितका होत नाही. राससुंदरी देवी १८१० च्या सुमारास पाबना जिल्ह्यात जन्मल्या, बाराव्या वर्षी सासरी गेल्या, बारा मुलांच्या आई झाल्या, आणि शिकलेल्या स्त्रीस वैधव्य येते अशी समजूत ज्या समाजात रूढ होती त्या समाजात, वयाच्या पंचविशीच्या आसपास, कोणालाही सुगावा लागू न देता वाचावयास शिकल्या. ‘आमार जीवन’ हे त्यांचे पुस्तक १८७६ साली प्रसिद्ध झाले. बंगाली भाषेतील ते पहिले आत्मचरित्र मानले जाते.

त्या कशा शिकल्या याचा तपशील त्यांनी स्वतः दिला आहे, आणि आमच्या कथालेखिकेने तो वाचला असता तर तिची कथा निराळी झाली असती. घरात चैतन्यभागवताची पोथी होती. पोथीची पाने सुटी असतात, त्यामुळे एखादे पान काढून घेणे शक्य होते. ते त्यांनी काढून स्वयंपाकघरात लपविले. त्याच्या जोडीला, थोरला मुलगा ज्या ताडपत्रांवर अक्षरे गिरवीत असे त्यांतील एक पत्र त्यांनी असेच गुपचूप उचलले, आणि चुलीपुढे बसल्या असता, पदराआड हात धरून, या दोन पानांवरील अक्षरे त्या एकमेकांशी ताडून पाहू लागल्या. परंतु या दोन पानांनी हे काम झाले नसते. तिसरी वस्तू त्यांच्यापाशी आधीपासून होती. लहानपणी माहेरच्या घरी मुलांची शाळा भरत असे. मुले अक्षरे मोठ्याने घोकीत, आणि तेथे नुसती बसवून ठेवलेली ही मुलगी ती ऐकत असे. तो क्रम तिच्या कानात इतकी वर्षे पडून राहिला होता. पानावरील आकृती तेवढी नवी होती. तिचा ध्वनी ओळखीचा, आणि पोथी मातृभाषेत असल्यामुळे अर्थही ओळखीचाच. एवढी सामग्री हाताशी असूनही त्यांना अक्षर लागता लागता पुष्कळ काळ गेला, आणि लिहिणे तर याहूनही कितीतरी उशिरा आले, तेही शिक्षणासाठी दूर राहिलेल्या मुलाने आपल्या पत्रांची उत्तरे मागितली तेव्हा.

आता आमच्या कथानायिकेची सामग्री तपासू. सातवीपर्यंत शिकल्यामुळे इंग्रजी अक्षरांची आकृती तिला ठाऊक आहे. कोशाच्या साहाय्याने अर्थही तिला लावता येईल. मात्र या भाषेचा ध्वनी तिच्यापाशी नाही, आणि पाठ्यपुस्तक तो देत नाही, कारण ऐका आणि म्हणा अशी जी आज्ञा त्यात केलेली असते ती समोर शिक्षक उभा आहे हे गृहीत धरूनच. सुरीसाठी जो इंग्रजी शब्द आहे त्याच्या आरंभीचा ‘के’ उच्चारावयाचा नसतो, हे पुस्तकाकडे पाहून कोणास कळेल? ‘रीड’ हे क्रियापद वर्तमानात आणि भूतकाळात त्याच अक्षरांनी लिहून भूतकाळात ‘रेड’ म्हणावयाचे, हा संकेत केवळ डोळ्यांनी शिकणारा मनुष्य जन्मभर चुकवील. देवनागरीत उच्चार छापणारी गाईडे थोडी मदत करतात, पण इंग्रजीतील दोन भिन्न वर्णांसाठी त्यांच्यापाशी एकच ‘व’ असतो. रात्री एकटीने शिकलेली बाई सहा महिन्यांनी पाठातील उतारा वाचून त्याचा अर्थ सांगू शकेल. व्यासपीठावरून बोलू लागली तर पहिल्या दोन वाक्यांतच अडखळेल. ‘इंग्लिश विंग्लिश’ या २०१२ च्या चित्रपटावर मी फारसा प्रसन्न नाही, परंतु त्याच्या कर्त्रीने नायिकेस निदान न्यूयॉर्कच्या एका वर्गात नेऊन बसविले होते.

आणि विशेष खेदाची गोष्ट ही की, ध्वनीची सोय त्याच घरात होती. आठवीतली मुलगी धडा मोठ्याने वाचते. आई भाकरी थापता थापता ऐकते. रात्री तेच पान उघडते तेव्हा कानात राहिलेले वाक्य छापील ओळीवर बसविते. राससुंदरींनी हेच केले. आमच्या लेखिकेने मुलीला मात्र प्रत्येक प्रवेशात निजवून ठेवले आहे, कारण निजलेली मुलगी आणि मंद दिवा हे चित्र तिला अधिक शोभिवंत वाटले असावे. पाठ्यपुस्तकापेक्षा मुलीची तपासलेली वही अधिक उपयोगी, हेही तिच्या ध्यानात आलेले नाही. ‘ही डिड नॉट वेंट’ असे मुलीने लिहिलेले आणि बाईंनी ‘वेंट’ खोडून तांबड्या शाईने ‘गो’ केलेले वाक्य आईच्या दृष्टीस पडले असते, तर ‘डिड’ने भूतकाळ आधीच उचलला असल्यामुळे पुढील क्रियापद मूळ रूपात येते, हा नियम तिला व्याकरणाच्या पानावाचून उमगला असता. पाठ्यपुस्तकात फक्त बरोबर वाक्ये असतात. चूक आणि तिची दुरुस्ती एकत्र सापडते ती वहीत.

येथे तर्खडकरांची आठवण काढल्याखेरीज मला राहवत नाही, आणि वाचकांनी ती अपेक्षिलीच असेल. त्यांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसांना इंग्रजी वाक्यरचना शिकविली, आणि ती पाठमाला पाठ्यक्रमात राहिली असती तर आजचे निम्मे इंग्रजी वर्ग बंद पडले असते असे माझे मत आहे. पुरावा मागू नये. अर्थात उच्चार त्यांच्याकडूनही मिळत नव्हता, हे कबूल करणे भाग आहे.

या कथेत एक पान मात्र असे आहे की त्यासाठी मी तिला तिसरा क्रमांक देण्यास राजी होतो. शाळेच्या दैनंदिनीत बाईंनी इंग्रजीत लिहिलेल्या शेऱ्याखाली ही आई आजवर न वाचताच सही करीत आली आहे. एका रात्री ती कोश उघडून एकेक शब्द लावते आणि मुलगी महिनाभर शेवटच्या तासाला वर्गात नसते हे तिला कळते. ती सही करते आणि सकाळी मुलीचा डबा भरताना काही बोलत नाही. एवढे इंग्रजी सहा महिन्यांत एकटीने साधण्याजोगे आहे, आणि कथेला ते पुरेसे होते. लेखिकेने हे पान मध्यावरच टाकून स्नेहसंमेलनाकडे धाव घेतली.

माझ्या दोघा सहकाऱ्यांना हे मान्य झाले नाही. निकाल दोन विरुद्ध एक असा लागला, कथेस पहिले पारितोषिक मिळाले, आणि माझा भिन्न मताचा शेरा स्पर्धेच्या दप्तरी नोंदविला आहे.