दोन घासांत पोट भरते, आणि एंडोस्कोपी मात्र नॉर्मल

एक्केचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका भगिनी हातात रिपोर्टची जाड फाइल घेऊन आमच्याकडे आल्या. तक्रार साधी होती. अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च होते, पुढचा घास जात नाही, आणि जेवणानंतर दोन-तीन तास छातीखाली दगड ठेवल्यासारखे वाटते. आठ महिने हे चालले होते. खाणे कमी झाल्यामुळे वजन ५८ किलोवरून ५५ वर आले होते. एंडोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली, रक्तातले हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड सगळे ठीक निघाले. सात महिने रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोलची गोळी चालू होती. सासूबाई म्हणत होत्या, "रिपोर्ट चांगले आहेत तर मग हिला झालंय तरी काय?" अशाच अर्थाची पत्रे या सदराकडेही नेहमी येतात, म्हणून या भगिनीच्या परवानगीने, ओळख झाकून, त्यांचीच गोष्ट इथे सविस्तर सांगतो.

आधी एंडोस्कोपी काय दाखवते ते पाहू. दुर्बीण आत गेल्यावर डॉक्टर हवा भरून जठर फुगवतात आणि आतले अस्तर पाहतात. जखम, अल्सर, गाठ, सूज, रक्तस्राव हे त्यात दिसते. जठर जेवताना कसे सैल होते, अन्न किती वेळात पुढे ढकलते, त्याच्या नसा किती हळव्या झाल्या आहेत, हे त्यात दिसत नाही. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ अस्तर चांगले आहे, एवढाच. जठराच्या कामाबद्दल तो काहीच सांगत नाही. पुष्कळ रिपोर्टांत 'माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस' असे लिहिलेले असते. त्या किंचित लालसरपणाचा आणि त्रासाचा मेळ फार क्वचित बसतो. पण ते शब्द वाचून घरचे घाबरतात आणि अॅसिडिटीची गोळी आणखी सहा महिने लांबते.

या दुखण्याला वैद्यकात फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात छातीखाली दुखते किंवा जळजळते. दुसऱ्यात जेवण लवकर थांबते आणि नंतर जडपणा राहतो. आमच्या या भगिनीचा प्रकार दुसरा. त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झाले असावेत आणि गेले तीन महिने आठवड्यातून निदान तीन दिवस तो होत असावा, असा या प्रकाराच्या निदानाचा ठोकताळा आहे.

लवकर पोट का भरते, हे समजले की उपचाराची दिशाही कळते. घास गिळला की जठराचा वरचा भाग आपोआप सैल पडतो. त्यामुळे एक-सव्वा लिटरपर्यंत अन्नपाणी आत आले तरी दाब फारसा वाढत नाही. पूर्वी भिश्ती पाण्याची पखाल वाहायचे. कातडे मऊ असले तर पाणी पडत जाईल तशी पखाल फुगायची. कातडे वाळून ताठ झाले असेल तर थोड्या पाण्यातच ती ताणायची. बेल्जियममधील ल्यूवेन येथील यान टॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या रुग्णांच्या जठरात एक लहान फुगा ठेवून हे मोजले, तेव्हा सुमारे ४० टक्के रुग्णांत जठराचा वरचा भाग पुरेसा सैल होत नसल्याचे आढळले. लवकर पोट भरण्याची तक्रार नेमकी त्यांच्यातच जास्त होती. काहींत जठर रिकामे होण्याचा वेग मंदावलेला असतो. काहींत दोन्ही ठीक असते, पण नसा हळव्या झाल्यामुळे साधा ताणही असह्य वाटतो.

आता अॅसिड कमी करणाऱ्या गोळीकडे वळू. ती अॅसिड कमी करते, ताठ पखाल मऊ करत नाही. काही रुग्णांना, विशेषतः जळजळ असणाऱ्यांना, तिचा फायदा होतो; म्हणून चार ते आठ आठवडे ती देऊन पाहणे योग्यच आहे. तेवढ्यात फरक पडला नाही तर डोस दुप्पट करून काही साधत नाही. इथे एक अडचण मात्र ठाऊक असावी. महिनोन्‌महिने चाललेली गोळी एकदम बंद केली की जठर काही दिवस जास्तीचे अॅसिड तयार करते आणि जळजळ होते. रुग्णाला वाटते, "बघा, गोळीशिवाय माझे चालतच नाही." खरे तर ती जळजळ गोळी सोडल्याची असते आणि काही आठवड्यांत ओसरते. या भगिनीची गोळी आम्ही दोन आठवडे एक दिवसाआड दिली, मग बंद केली. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा जळजळ झाली, तेव्हा अँटासिडचे दोन चमचे पुरले.

गोळी बंद करण्याचे आणखी एक कारण होते. त्यांची एच. पायलोरी या जंतूची तपासणी झालेलीच नव्हती. ही तपासणी श्वासाची किंवा शौचाची करतात. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे आधी बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. जंतू निघाला तर चौदा दिवसांचा कोर्स द्यावा. त्याने सगळ्यांचा त्रास जात नाही, थोड्यांचा जातो, आणि तोही हळूहळू, काही महिन्यांत. या भगिनीच्या शौचाच्या तपासणीत जंतू निघाला नाही.

मग खाण्याची मांडणी बदलली. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसात पाच लहान वेळा ठरवल्या. अर्धी भाकरी किंवा लहान वाटीभर मऊ भात, सोबत डाळ किंवा बिनतेलाच्या रश्श्यातले दोन लहान तुकडे, एवढेच एका वेळी. पाणी जेवणासोबत न पिता मधल्या वेळात. सगळ्यात मोठा बदल तेला-तुपाचा. चरबी लहान आतड्यात पोहोचली की तिथून संदेश सुटतात आणि जठराचा वेग कमी होतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, या रुग्णांना मात्र तीच चरबी फार जाचते. म्हणून एका ताटातल्या बिर्याणीपेक्षा तळलेली दोन भजी त्यांना जास्त जड जाऊ शकतात, हे ऐकून त्यांना नवल वाटले. तिखटाचे आणि दुधाचे प्रत्येकाचे वेगळे असते. जे बाधते ते आठ दिवस सोडून, पुन्हा खाऊन पाहावे. उगाच अर्धा दस्तरखान वर्ज्य करू नये. वजन घटत असताना परहेजाची लांबलचक यादी नुकसानच करते.

रमजानबद्दल त्यांनी विचारले. त्रास सर्वांत जास्त होतो तो इफ्तारला, कारण दिवसभर रिकाम्या जठरात दहा मिनिटांत सरबत, भजी, फळे, खिमा-समोसा असे सगळे एकदम येते. खजूर, थोडे पाणी, मग मगरिबची नमाज, आणि नंतर लहान ताट. तरावीहनंतर आणखी थोडे. एवढ्या विभागणीने पुष्कळांना आराम पडतो. मात्र वजन उतरत असेल किंवा औषध दिवसात तीनदा घ्यायचे असेल तर रमजान लागण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून वेळापत्रक ठरवावे.

खाण्याच्या बदलाने या भगिनीचा जडपणा थोडा कमी झाला, भूक मात्र वाढेना. तेव्हा औषध सुरू केले. अकोटियामाइड हे औषध जपानमध्ये २०१३ साली नेमक्या याच दुखण्यासाठी मंजूर झाले आणि आपल्याकडेही मिळते. जठर सैल पडण्यास आणि रिकामे होण्यास ते मदत करते. १०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणाआधी. चार आठवड्यांनी त्यांचा जेवणानंतरचा दगड हलका झाला, पण वजन ५५ वरच राहिले.

आपल्याकडे अॅसिडच्या गोळीसोबत एकाच कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड सर्रास मिळते आणि लोक दुकानातून स्वतःच आणतात. आम्हांला हे खटकते. डॉम्पेरिडोनने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून युरोपात २०१४ पासून त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणि थोड्या दिवसांपुरता मर्यादित केला आहे. लेव्होसल्पिराइडने पाळी अनियमित होते, स्तनांतून दूध येते, आणि वयस्कांत हात थरथरणे, चाल मंदावणे असे कंपवातासारखे त्रास दिसतात. घरातल्या अम्मी-अब्बांची ही कॅप्सूल वर्षभर चालू असेल आणि हात थरथरू लागले असतील तर डॉक्टरांना औषधाची पट्टी दाखवा.

पुढची पायरी ऐकून त्या जरा दचकल्या. आम्ही रात्री मिर्टाझापिन सुचवले. "हे तर डिप्रेशनचे औषध! मला काय वेड लागलंय?" हा प्रश्न आम्हांला नवा नाही. जठर आणि मेंदू यांच्यामधल्या नसांवर या औषधाचे स्वतंत्र काम आहे. बेल्जियममध्येच २०१६ साली ३४ रुग्णांवर एक लहान अभ्यास झाला. त्यांचे वजन घटलेले होते, पण त्यांना नैराश्य नव्हते. रोज १५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे लवकर पोट भरणे आठ आठवड्यांत कमी झाले आणि वजन सरासरी चार किलोच्या आसपास वाढले. सकाळी सुस्ती येते, भूक वाढते, म्हणून जाड्या माणसाला हे औषध बरे नव्हे. ज्यांची तक्रार दुखण्याची असते त्यांना अॅमिट्रिप्टिलिनचा लहान डोस उपयोगी पडतो. लवकर पोट भरण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची, हे नीट विचारल्याशिवाय औषध निवडता येत नाही.

हे सगळे करण्यापूर्वी दुसरे काही दडलेले नाही ना, हे पाहावेच लागते. गिळताना अडकणे, काळी शौच, वारंवार उलट्या, रक्त कमी होणे, किंवा पुरेसे खाऊनही वजन उतरणे असेल तर थांबू नये. कित्येक तासांपूर्वीचे अन्न तसेच उलटून पडत असेल आणि मधुमेह असेल तर जठर अर्धांगासारखे मंद झाले असण्याची शक्यता तपासावी. मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, दुखीच्या गोळ्या आणि वजन उतरवण्याची नवी इंजेक्शने यांनीही असेच पोट भरते. आणि पन्नाशीपुढच्या भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो: लवकर पोट भरणे आणि पोट फुगणे नव्याने सुरू झाले आणि टिकून राहिले, तर अंडाशयाच्या कर्करोगाची शंका धरून रक्ताची सीए-१२५ तपासणी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. एंडोस्कोपीत तो आजार दिसत नाही.

आमच्या भगिनीला मिर्टाझापिन आधी साडेसात मिलिग्रॅम दिले, दोन आठवड्यांनी १५ केले. पहिले काही दिवस फजरला उठणे जड गेले, म्हणून गोळीची वेळ इशाऐवजी मगरिबनंतर घेतली. तिसऱ्या महिन्यात वजन ५७ झाले. एका वेळी आता एक भाकरी जाते, लग्नाच्या दावतीनंतर अजूनही जड वाटते. अकोटियामाइड थांबवले आहे. मिर्टाझापिन सहा महिने ठेवून मग हळूहळू उतरवायचे ठरले आहे.