विश्लेषण : उताऱ्यावरचे उत्तर नेमके कुठून आले?

कर्जत-खालापूर हा भाताचा पट्टा. इथल्या शाळेत शेतीवरचा उतारा दिला, तर मूल तो न वाचताही घरच्या माहितीवर उत्तर लिहू शकते. मग वाचनाची परीक्षा कशी होणार?

हा छोटा उतारा पाहा : ‘आषाढ अर्धा सरला. रोपे वाढली होती. खाचराला मात्र भेगा पडल्या होत्या. आजीने लावणीच्या बायकांना निरोप धाडला, आज येऊ नका.’

आजीने बायकांना का थांबवले? ‘पाऊस फार होता म्हणून’ असे कुणी लिहिले, तर ते उत्तर आषाढाच्या ओळखीतून आले, उताऱ्यातून नव्हे. खाचराला भेगा आहेत, हा पुरावा उताऱ्यात आहे. चिखलाशिवाय लावणी होत नाही, हे मुलाला ठाऊक आहे. या दोन गोष्टी जोडून ‘पाणी नव्हते’ असे म्हणणे, हे अनुमान.

दुसरा प्रश्न शब्दार्थाचा. ‘लावणी’ म्हणजे फडावरचे गाणे की भाताची लागवड? इथे अर्थ ठरतो तो ‘रोपे’ आणि ‘खाचर’ या शब्दांवरून. मुलाने अर्थासोबत हे शब्दही लिहायला हवेत.

म्हणून स्वाध्यायात प्रत्येक उत्तराखाली ‘हे कशावरून?’ अशी ओळ हवी आणि तिला वेगळा गुण हवा. प्रश्न पारखायची युक्तीही सोपी आहे. उतारा झाकून तो विचारावा. तरीही बरोबर उत्तर आले, तर तो प्रश्न बदलावा.